काचेवरचा मजकूर

कारखान्याच्या टाउनहॉलमध्ये व्यवस्थापकीय संचालक व्यासपीठावर बोलत असतात तेव्हा त्यांच्या डाव्या आणि उजव्या हाताला, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, बारीक दांड्यांवर तिरप्या बसवलेल्या दोन काचा असतात. सभागृहात बसलेल्यांना त्या केवळ पारदर्शक तावदानांसारख्या दिसतात. वक्त्याला मात्र त्यांच्यावर काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे खालून वर सरकताना दिसत असतात. दांड्याच्या पायाशी आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या पडद्यावर तोच मजकूर आरशात पाहिल्याप्रमाणे उलटा उमटवलेला असतो आणि काचेत त्याचे प्रतिबिंब सुलटे होते. यंत्राचे रहस्य इतकेच. १९५० साली अमेरिकेत फ्रेड बार्टन नामक नटाची पाठांतराची अडचण दूर करण्यासाठी अर्व्हिंग कान आणि ह्युबर्ट श्लाफ्ली यांनी या साधनाचे पहिले रूप सिद्ध केले, तेव्हा तर अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर होती. कागद गेला, पडदा आला. परंतु त्या काचेवर नेमके काय लिहावे, हा प्रश्न पूर्वी होता तितकाच आजही बिकट आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यापुढे तो काही निराळ्याच रूपाने उभा राहतो.

कंपन्यांच्या अशा सभांतील भाषणांचे मसुदे तयार करण्याचे काम मी करतो. मसुदा म्हणून माझ्या हाती प्रथम जे येते ते बहुधा वित्त, मनुष्यबळ आणि विधी या तीन खात्यांनी आपापल्या परीने लिहिलेल्या टिपणांचे बाड असते. त्यातले प्रत्येक विधान अचूक, प्रत्येक वाक्य सर्व बाजूंनी बंदिस्त आणि म्हणूनच तोंडाने बोलण्यास सर्वस्वी प्रतिकूल असते. पुण्याजवळ चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या सभेसाठी आलेल्या टिपणातील एक वाक्य येथे नमुन्यादाखल घेतो. त्या वेळी रात्रपाळी बंद होणार अशी कुजबूज कारखान्यात चालू होती, आणि त्या कुजबुजीचा खुलासा करणे हाच सभेचा खरा हेतू होता.

‘गत वित्तीय वर्षात उत्पन्नामध्ये १२.४७ टक्के वाढ झालेली असली तरी कच्च्या मालाच्या दरातील चढउतार लक्षात घेता, रात्रपाळीतील कामगारसंख्या कमी करण्याचा कोणताही प्रस्ताव सद्यःस्थितीत व्यवस्थापनाच्या विचाराधीन नाही.’

कागदावर हे वाक्य निर्दोष आहे. वाचणाऱ्याची दृष्टी एका क्षणात वाक्याच्या शेवटापर्यंत धावते, तेथे ‘नाही’ आहे हे तिला आधीच कळलेले असते आणि मग ती शांतपणे मागे येऊन अर्थ लावते. काचेवर ही सोय नाही. वक्त्याला एका वेळी चार-पाच ओळी दिसतात. प्रत्येक ओळीत तीन, फार तर चार शब्द मावतात, कारण त्याहून रुंद ओळ ठेवली तर बुबुळांची डावी-उजवी हालचाल पहिल्या रांगेतल्या माणसाला स्पष्ट दिसू लागते आणि साहेब वाचताहेत हे गुपित तेथेच फुटते. वरील वाक्य अशा ओळींत तोडले म्हणजे ‘कामगारसंख्या कमी करण्याचा’ हे शब्द वक्त्याच्या तोंडून बाहेर पडत असताना ‘नाही’ हा शब्द पडद्याच्या तळाशी किंवा पडद्याबाहेरच असतो. विधान होकारार्थी आहे की नकारार्थी, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसते. मग आघात कोठे द्यावा, आवाज कोठे चढवावा हे त्याला कसे कळावे? तो ‘कमी करण्याचा’ या शब्दांवर सावधपणे जोर देतो, सभागृह क्षणभर धसकते, आणि शेवटचा ‘नाही’ श्वास संपत आलेल्या, उतरत्या स्वरात येतो. खुलाशाऐवजी शंका बळावते.

मराठी वाक्यात क्रियापद अखेरीस येते, आणि नकार तर त्याच्याही अखेरीस, ही लेखी भाषेची रीत आहे. बोलताना मात्र आपण ती सर्रास मोडतो. ‘येणार नाही तो आज’, ‘दिलेत मी त्याला पैसे’, ‘सांगितलं होतं ना तुम्हाला मागच्याच आठवड्यात’ असे आपण दिवसभर बोलतो. मुख्य गोष्ट आधी टाकतो आणि कोण, केव्हा, कोठे हा तपशील मागून जोडतो. काचेसाठी लिहिणाऱ्याने बोलीतील हीच सवलत पुरेपूर घ्यावी, कारण तिच्यामुळे वाक्याचा रोख डोळ्यांना पहिल्याच ओळीत समजतो. वरील वाक्याचा जो मसुदा अखेर काचेवर गेला तो असा होता:

मागचं वर्ष चांगलं गेलं.
उत्पन्न वाढलं आपलं —
जवळजवळ साडेबारा टक्क्यांनी.

पण कच्च्या मालाचे भाव
तुम्ही बघताच आहात.
आज वर, उद्या खाली.

मग कुणीही विचारेल,
रात्रपाळीचं काय?
माणसं कमी करणार का?

तसा प्रस्ताव नाही.
आज आपल्यापुढे
असा कुठलाही
प्रस्ताव नाही.

या रूपांतरात पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, एका वाक्याची आठ वाक्ये झाली आणि त्यांतली एकही ओळ अर्थाच्या मधोमध तुटलेली नाही. ओळ तेथेच तोडावी जेथे श्वासही तुटू शकतो. ‘कच्च्या’ एका ओळीत आणि ‘मालाचे’ दुसऱ्या ओळीत असे झाले की वक्ता तेथे नकळत अडखळतो. एक विचार संपला की एक ओळ कोरी सोडावी. ‘येथे थांबा’ अशी सूचना कंसात लिहिण्याची काहींना सवय असते. परंतु काचेवर जे दिसते ते तोंडातून बाहेर पडते, हा या धंद्यातला जुना धडा आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनी भाषणाच्या ओघात थांबण्याची सूचनाच मोठ्याने वाचली आणि ती जगभर ऐकली गेली. कोरी ओळ कोणी वाचू शकत नाही. शिवाय दोन्ही काचांवर मजकूर एकच असल्यामुळे वक्त्याने डावीकडून उजवीकडे मान वळवायची ती याच कोऱ्या ओळीवर, वाक्याच्या मध्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट लेखनपद्धतीची. ‘केले, गेले, वाढले’ असे एकारान्त लिहिले की वाचणारा तसेच उच्चारतो आणि ऐकणाऱ्याला तत्काळ कागदाचा वास येतो. म्हणून ‘केलं, गेलं, वाढलं’ असे बोलीप्रमाणेच लिहावे. आकडेही अक्षरांत लिहावेत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अधिकाऱ्यासमोर ७९ हा आकडा अचानक आला तर एकोणसत्तर की एकोणऐंशी, या विवंचनेत त्याचा क्षण जातो आणि तो सरळ ‘सेव्हंटी नाइन’ म्हणून मोकळा होतो. ‘जवळजवळ साडेबारा’ हे आपण चहा पिताना जसे सांगू तसे आहे. वित्त खात्याने त्यावर हरकत घेतली, तेव्हा नेमका आकडा वक्त्याच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर छापील स्वरूपात दाखवावा असे ठरले, आणि तो तेथेच शोभतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ‘माणसं कमी करणार का?’ या प्रश्नाला बोलण्याच्या ओघात सर्वांत स्वाभाविक उत्तर ‘मुळीच नाही’ हे आहे, आणि संचालकांनीही तालमीत तेच सुचवले. विधी अधिकाऱ्यांनी त्यास संमती दिली नाही, आणि त्यांचेच म्हणणे योग्य होते. ‘प्रस्ताव विचाराधीन नाही’ हे आजच्या स्थितीचे निवेदन आहे; ‘मुळीच नाही’ हे उद्यासाठी दिलेले वचन आहे. सोपे लिहिताना अर्थाची मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका येथे असतो, म्हणून ‘आज’ हा शब्द ठेवला, आणि तो ओळीच्या आरंभी ठेवला, म्हणजे उच्चारताना तो गिळला जाऊ नये. भाषा मोकळी करावी, पण विधान मोकळे करू नये, अशी या कामाची लक्ष्मणरेषा आहे.

मसुदा सिद्ध झाला तरी तो अद्याप लेखकाचाच असतो. वक्त्याचा होण्यासाठी तालीम लागते. मी आरंभीच वक्त्याशी अर्धा-पाऊण तास गप्पा मारतो आणि त्या ध्वनिमुद्रित करून घेतो, कारण ‘बघा’, ‘मुद्दा असा आहे की’, ‘आता गंमत काय होते’ यांसारखी प्रत्येकाची वाक्यारंभाची ठेवणीतली नाणी असतात आणि ती मसुद्यात योग्य जागी पेरली की काचेवरचा मजकूर त्याच्याच आवाजात बोलू लागतो. तालमीत वक्ता एखादा शब्द पुनःपुन्हा बदलत असेल तर वक्त्याला न सुधारता मसुदा सुधारावा. त्यानंतर तालमीचे चित्रमुद्रण पडद्याकडे न पाहता ऐकावे. प्रत्येक वाक्य सारख्याच वेगाने चालले आहे, दर तीन-चार शब्दांनंतर स्वर सारखाच उतरतो आहे, जोर विशेषणावर पडतो आहे आणि क्रियापद वाऱ्यावर जात आहे, ही वाचनाची लक्षणे कानाला चटकन सापडतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची दुरुस्ती ओळ निराळ्या ठिकाणी तोडण्याने होते.

यंत्र चालवणारा माणूसही या तालमीस हजर हवा. मजकुराचा वेग त्याच्या हातातील चाकावर असतो, आणि वक्त्याने काचेमागे धावायचे नसून काचेने वक्त्यासाठी थांबायचे असते, हे दोघांनाही उमगावे लागते. देवनागरीसाठी त्याला आणखी एक काम असते: मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, जोडाक्षरे फुटून मध्येच हलन्त दिसत नाहीत ना, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकत नाहीत ना, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष त्याच काचेवर पाहणे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मसुदा तेथे नुसती चिन्हांची रांगोळी होऊन उमटतो.

आणि काही जागी काचेवर वाक्य लिहूच नये. कारखान्यातील सुरक्षा समितीचे आभार मानण्याच्या ठिकाणी आम्ही ‘सुरक्षा समिती, पावसाळ्यातली रात्र’ एवढेच शब्द ठेवले होते. संचालकांना ती रात्र ठाऊक होती. ते स्वतःच्या शब्दांत बोलले, मध्येच एक वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले, आणि तोवर चाक थांबून राहिले. इतर कारखान्यांत पडद्यावर सभा पाहणाऱ्यांसाठी समोर कॅमेरा होता. त्याकडे थेट पाहण्यास त्यांना सवड मिळाली ती याच दोन मिनिटांत, कारण एरवी त्यांची दृष्टी काचांमुळे डावी-उजवीकडे बांधलेली होती.

ज्यांच्यावर असा मसुदा मंजूर करण्याची जबाबदारी येते त्यांना एकच विनंती आहे. तो टेबलावर ठेवून, हातात लाल पेन घेऊन मनात वाचू नका. उभे राहून, मोठ्याने, एका माणसाला ऐकवत वाचा. छापल्यावर तो त्रोटक आणि पुनरुक्तीने भरलेला दिसेल, प्रस्तुत लेखातील वाक्यांसारखा भारदस्त तर मुळीच दिसणार नाही. आणि म्हणूनच सूचना-फलकावर लावण्याचे परिपत्रक त्यातून काढू नका, ते वेगळे लिहून घ्या.