क्रम लागला, तरी उत्तर चूक

प्रश्न असा होता: विद्यार्थ्यांची यादी नावांनुसार लावलेली आहे. ती गुणांच्या चढत्या क्रमाने लावायची, पण ज्यांचे गुण सारखे आहेत त्यांची नावं आधीच्याच क्रमात राहायला हवीत. कोणता सॉर्ट वापराल? ‘सिलेक्शन सॉर्ट’ असं उत्तर आलं. तो करूनही दाखवला, आणि गुणांचा रकाना ५८, ७२, ७२ असा अगदी बरोबर लागला. तरी उत्तर चुकलंच होतं.

मूळ यादी पाहा: अमोल ७२, गौरी ७२, नीलेश ५८. सिलेक्शन सॉर्ट सगळ्यात लहान किंमत शोधतो आणि ती पहिल्या जागेवरच्या नोंदीशी अदलाबदल करून तिथे आणतो. लहान किंमत नीलेशची, म्हणून तो पहिल्या जागी आला आणि तिथला अमोल थेट शेवटी गेला, गौरीला ओलांडून. आता उरले गौरी आणि अमोल. दोघांचे गुण सारखे, त्यामुळे त्यांना हलवायचं कारण उरत नाही. शेवटी यादी झाली नीलेश, गौरी, अमोल. गौरी आणि अमोल यांचा क्रम उलटला तो नीलेश आणि अमोल यांच्या अदलाबदलीत. गोम आहे ती या लांब उडीत.

हीच यादी इन्सर्शन सॉर्टला दिली, तर नीलेश एकेक घर मागे सरकतो. गौरी एक घर पुढे येते, मग अमोल एक घर पुढे येतो, आणि नीलेश पहिल्या जागी बसतो: नीलेश, अमोल, गौरी. सारख्या किमतींचा मूळ क्रम असा टिकवणाऱ्या सॉर्टला ‘स्टेबल’ म्हणतात. मर्ज सॉर्टही नीट लिहिला तर स्टेबल असतो. ‘नीट’ म्हणायचं कारण असं, की इन्सर्शन सॉर्टमध्येही तुलना करताना `>` ऐवजी `>=` लिहिलं, तर सारख्या किमतीही एकमेकींना ओलांडतात आणि तोही स्टेबल राहत नाही. एका चिन्हाचा फरक!

नुसते आकडे तपासून ही चूक कधीच दिसणार नाही, कारण एक ७२ दुसऱ्या ७२ पासून ओळखताच येत नाही. जावातला `Arrays.sort` म्हणूनच साध्या `int` आकड्यांसाठी क्विकसॉर्टच्या जातीची पद्धत वापरतो, ऑब्जेक्टसाठी मात्र स्टेबल. चाचणी घ्यायची तर प्रत्येक नोंदीला तिचा मूळ अनुक्रमांक जोडा आणि सॉर्टनंतर सारख्या किमतींमध्ये तो चढताच आहे का, ते पाहा.

आणि यादी जरा मोठी घ्या. क्रोममधलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन २०१८ पर्यंत दहापर्यंतच्या नोंदींना इन्सर्शन सॉर्ट लावायचं आणि त्याहून मोठ्या यादीला स्टेबल नसलेला क्विकसॉर्ट. दहा नोंदींवर केलेली चाचणी तिथे हमखास पास व्हायची.