पहिला व्हिडिओ चढवताना : चार रकाने आणि एक प्रेक्षक

लेखमाला : आपलं चॅनेल, आपल्या हाती – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण चित्रीकरणाचे तुकडे जोडले, नको तो भाग कापला आणि व्हिडिओची अंतिम फाइल तयार केली. आज ती यूट्यूबवर चढवायची आहे. या मालेसाठी धरलेलं उदाहरण तुमच्या लक्षात असेलच. हस्तकलेच्या एका निवृत्त शिक्षिका बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील करून दाखवतात. व्हिडिओ ९ मिनिटं ४० सेकंदांचा, मोबाइल आडवा धरून घेतलेला. कामट्या बाई तासतात, पतंगी कागदाच्या झिरमिळ्या कापायला नात मदत करते.

मोबाइल आडवा धरायला सांगितलं होतं, त्याचं कारण आता कळेल. उभा किंवा चौकोनी व्हिडिओ ३ मिनिटांपर्यंतचा असेल, तर यूट्यूब तो शॉर्ट्समध्ये टाकतं. तिथले नियम वेगळे आहेत, आणि आज आपण करणार आहोत तसं वेगळं थंबनेल तिथे लावता येत नाही.

चढवण्याआधी

संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा, वर उजवीकडे Create आणि त्याखाली Upload videos. फोन नंबरची पडताळणी झाली नसेल तर आधी ती करा. तिच्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही आणि स्वतः तयार केलेलं थंबनेलही लावता येत नाही. बाईंचा व्हिडिओ दहा मिनिटांच्या आतला आहे, त्यामुळे पहिली अट त्यांना आडवी येत नाही. दुसरी मात्र येते.

फाइल चढताना समोर रकाने येतात. ते भरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शीर्षक, थंबनेल, सबटायटल्स, अगदी प्रेक्षकांबद्दलचं उत्तरसुद्धा नंतर बदलता येतं; चढवलेली फाइल मात्र बदलता येत नाही. आवाज नीट आला नसेल तर जुना व्हिडिओ काढून नवा चढवावा लागतो, त्याची लिंक नवी असते आणि आधीच्यावर झालेली मोजणी जुन्यासोबतच जाते. म्हणून सुरुवातीला Visibility मध्ये Private किंवा Unlisted निवडा. Private फक्त तुम्हाला आणि तुम्ही ज्यांना परवानगी द्याल त्यांना दिसतो. Unlisted ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसतो, पण शोधात येत नाही. आणखी एक, चढवल्या चढवल्या व्हिडिओ धुरकट दिसला तर घाबरू नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, चांगल्या दर्जाची मागाहून येते. ती आल्यावरच Public करा.

शीर्षक : शोधणारा काय टाइप करेल?

तुम्ही काहीच लिहिलं नाही तर फाइलचं नाव हेच शीर्षक होतं. VID_20241020 अशा नावाचे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात, ते असे.

शीर्षकाला १०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत ती लवकर संपते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार यांची मोजणी स्वतंत्र होते. ‘आकाशकंदील’ आपल्याला सहा अक्षरी वाटतो, पण रकान्याखालचा आकडा ९ ने पुढे सरकतो. शिवाय फोनच्या यादीत लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो. म्हणून मुख्य शब्द सुरुवातीला हवेत.

बाईंना पहिल्यांदा सुचलं ते ‘दिवाळी स्पेशल! माझ्या आजोळच्या आठवणी’. वाचायला छान, पण कंदील करायला बसलेला माणूस हे शब्द शोधणार नाही. त्याला हवी असतात मापं आणि कृती. आणि फोनवर मराठी कळफलक नसलेले बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. दोन्ही धरून ठरलं ते असं :

बांबूचा आकाशकंदील घरी कसा करायचा? मापं आणि पूर्ण कृती | Akash Kandil

ही ६८ चिन्हं झाली. आजोळची आठवण वर्णनाच्या रकान्यात गेली. तिथे ५,००० चिन्हांची सोय आहे. कामट्यांची लांबी, कागदाचे रंग, खळ करायची पद्धत, हेही तिथेच लिहायचं.

थंबनेल : अंगठ्याएवढं करून बघा

यूट्यूब व्हिडिओतल्याच काही चौकटी थंबनेल म्हणून सुचवतं. त्यांत बहुधा कुणाचे डोळे मिटलेले असतात, नाहीतर हात हललेला. त्यापेक्षा वेगळा फोटो काढलेला बरा. आकार १२८० × ७२० पिक्सेल, म्हणजे १६ : ९ हे प्रमाण, फाइल जेपीजी किंवा पीएनजी, आणि वजन २ एमबीच्या आत ठेवलं की ती कुठेच अडत नाही.

बाईंच्या नातीने केलेल्या पहिल्या थंबनेलवर कंदील, बाई, सगळं साहित्य आणि दोन ओळींचा मजकूर होता. संगणकावर ते भरगच्च आणि सुंदर दिसत होतं. फोनच्या यादीत त्याचा नुसता रंगीत गोळा झाला. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट ठेवली : संध्याकाळी अंगणात पेटवलेला कंदील, मागे काळोख. शेजारी दोनच शब्द, ‘कामट्यांचा कंदील’. शीर्षकात आलेलं सगळं चित्रावर पुन्हा लिहायची गरज नसते, कारण यादीत दोन्ही एकत्रच दिसतात.

दोन बारीक गोष्टी मात्र सांभाळायच्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. तिथे मजकूर ठेवला तर तो ९:४० च्या काळ्या पट्टीखाली जातो. दुसरी गोष्ट खास देवनागरीची. अक्षरं मोठी आणि ओळी जवळ असल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ओळींत मोकळी जागा सोडा, किंवा एकच ओळ ठेवा.

सबटायटल्स : आवाज बंद असतानाही कळावं

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सबटायटल्स हवीतच. पण कंदील करताना हात खळीने भरलेले, शेजारी टीव्ही चालू, फोनचा आवाज बंद, असा प्रेक्षकही असतो. चढवताना व्हिडिओची भाषा मराठी निवडा. दुसरीच भाषा निवडली आणि यूट्यूबने आपोआप मजकूर तयार केला, तर मराठी बोलणं त्या भाषेतले शब्द म्हणून ऐकलं जातं आणि पडद्यावर काहीच्या काही उमटतं. आपोआप आलेला मजकूर असेल तर तो एकदा शेवटपर्यंत वाचायलाच हवा. ‘कामटी’, ‘झिरमिळ्या’, ‘खळ’ असे शब्द तिथे हमखास चुकतात.

सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे आपणच एसआरटी फाइल लिहायची. साध्या नोटपॅडमध्ये ती होते. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मग मजकूर आणि त्यानंतर एक रिकामी ओळ :

```
1
00:00:04,000 --> 00:00:07,500
कामट्या आधी पाण्यात भिजवून घ्या.

2
00:00:07,500 --> 00:00:11,000
म्हणजे वाकवताना तुटत नाहीत.
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही, आणि वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहायचे. फाइल साठवताना Encoding मध्ये UTF-8 निवडा. ते चुकलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. तसं दिसलं की दोष कुठे आहे ते लगेच कळतं. मग स्टुडिओत सबटायटल्सच्या पानावर जाऊन फाइल चढवा आणि With timing निवडा.

काही जण संपादन करतानाच मजकूर चित्रावर छापून टाकतात. तो बंद करता येत नाही, आणि एखादं अक्षर चुकलं तरी पूर्ण फाइल पुन्हा चढवावी लागते. वेगळी फाइल दोन मिनिटांत दुरुस्त होते.

‘हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का?’

बहुतेक जण इथे विचार न करता टिचकी मारतात, आणि नेमका इथेच विचार हवा. रकाना सक्तीचा आहे. पर्याय दोन : Yes, it's made for kids किंवा No, it's not made for kids.

हा प्रश्न अमेरिकेतून आला. तिथल्या १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. त्याच्या उल्लंघनाच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे सांगायची जबाबदारी चढवणाऱ्यावर आली, मग तो चिपळूणचा असो की शिकागोचा.

‘हो’ म्हटलं की त्या व्हिडिओवर कॉमेंट बंद होतात. प्रेक्षकाच्या आवडीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती येत नाहीत. शेवटी ‘हाही व्हिडिओ पहा’ म्हणून लावायची चौकट लावता येत नाही. बाईंना तर ‘खळ कशाची करायची?’ असे प्रश्न कॉमेंटमध्ये हवे आहेत.

पण सोयीचं म्हणून ‘नाही’ म्हणायचं नाही. उत्तर ठरतं ते व्हिडिओ कुणाला उद्देशून केला आहे यावरून. विषय, भाषा, मुलांची पात्रं, खेळणी, बालगीतं, असं सगळं त्यात पाहिलं जातं. नातीचे हात दिसतात म्हणून व्हिडिओ आपोआप मुलांसाठीचा होत नाही. बाई सुरीने कामट्या तासतात, मापं सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि ‘मुलांना सुरी देऊ नका’ असं पालकांना बजावतात. बोलणं मोठ्यांशी आहे. उत्तर : नाही.

आता याच बाईंनी ‘चला मुलांनो, घोटीव कागदाचा छोटा कंदील करूया’ असा तिसरी-चौथीतल्या मुलांसाठी व्हिडिओ केला, तर उत्तर : हो. चॅनेल तेच, हात तेच, विषयही कंदीलच, ऐकणारा बदलला. म्हणून संपूर्ण चॅनेलसाठी एकच उत्तर देऊन मोकळं होण्यापेक्षा दर व्हिडिओला वेगळं उत्तर देणं बरं. चुकीचं उत्तर दिलं तर यूट्यूब ते स्वतः बदलू शकतं, आणि मग आपल्या हातात फक्त दाद मागणं उरतं.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. ‘नाही’ म्हणजे व्हिडिओ मुलांनी पाहू नये असा अर्थ होत नाही; सगळ्या घराने मिळून पाहण्याजोगा व्हिडिओही ‘नाही’मध्येच बसतो. आणि त्याखाली असलेला १८ वर्षांचा वयोमर्यादेचा पर्याय पूर्ण वेगळा आहे. तो लावला की कंदिलाचा व्हिडिओ लॉग-इन न केलेल्या कुणालाच दिसणार नाही.

या आठवड्याचं काम

तुमचा व्हिडिओ Unlisted ठेवून चढवा आणि लिंक घरातल्या दोघांना पाठवा. एकाला आवाज बंद करून पाहायला सांगा, दुसऱ्याला फक्त शीर्षक आणि थंबनेल दाखवून ‘यात काय असेल?’ असं विचारा. दोघांची उत्तरं बरोबर आली तरच Public करा. पुढच्या लेखांकात पहिल्या आठवड्याचे आकडे कसे वाचायचे ते पाहू.