पहिली चिठ्ठी क्षेत्रानुसार, दुसरी समान संधीने

गुलाबी बोंडअळीमुळे गावात किती क्विंटल कापसाचे नुकसान झाले, हे सर्व शेते न पाहता ठरवायचे असते. समजा, गावात पाच कापूस उत्पादक आहेत आणि त्यांचे क्षेत्र अनुक्रमे २२, १८, १६, १३ व ११ एकर, म्हणजे एकूण ८० एकर आहे. त्यांपैकी दोनच शेते तपासणे शक्य आहे. मोठ्या शेतात एकूण नुकसान सहसा अधिक असते. म्हणून शेताची निवड होण्याची संभाव्यता त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात असावी.

मिद्झुनो यांनी १९५२ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे. पहिले शेत क्षेत्राच्या प्रमाणात निवडावे आणि दुसरे उरलेल्या चारांतून समान संधीने. मात्र येथे एक चूक हमखास होते. पहिली निवड थेट एकरांनुसार केली, तर २२ एकरांचे शेत नमुन्यात येण्याची संभाव्यता ०.४६ व ११ एकरांच्या शेताची ०.३५ येते. क्षेत्र दुप्पट असूनही संधी दुप्पट होत नाही, कारण दुसरी चिठ्ठी लहान-मोठे पाहत नाही. ती प्रत्येक शेताला २५ टक्क्यांचा आधार देते.

हा आधार आधीच वजा करावा. पाचांतून दोन निवडताना एकूण क्षेत्राचा आठवा भाग, म्हणजे १० एकर, प्रत्येक शेताच्या क्षेत्रातून वजा करावा. उरतात १२, ८, ६, ३ व १; बेरीज ३०. आता १ ते ३० मधील एक यादृच्छिक अंक काढावा. १ ते १२ आल्यास पहिले शेत, १३ ते २० आल्यास दुसरे, २१ ते २६ आल्यास तिसरे, २७ ते २९ आल्यास चौथे आणि ३० आल्यास पाचवे निवडावे. दुसरे शेत उरलेल्या चारांतून साध्या चिठ्ठीने घ्यावे. आता २२ एकरांच्या शेताची संभाव्यता ०.५५ आणि ११ एकरांच्या शेताची ०.२७५ होते, म्हणजे नेमकी दुप्पट.

समजा, पहिले व चौथे शेत निवडले गेले आणि तेथे अनुक्रमे ११ व ७.८ क्विंटल नुकसान आढळले. प्रत्येक आकड्याला त्या शेताच्या संभाव्यतेने (०.५५ व ०.३२५) भागल्यास २० व २४ मिळतात, म्हणून गावाचे अंदाजित नुकसान ४४ क्विंटल.

या पद्धतीची मर्यादा वजाबाकीतच दिसते. एखादे शेत ८ एकरांचे असेल, तर उत्तर ऋण येते आणि पद्धत लागू होत नाही. नमुना वाढवला की अट अधिक कडक होते: पाचांतून तीन शेते घ्यायची, तर ८० एकरांचा सहावा भाग, म्हणजे सुमारे १३.३ एकर, वजा करावा लागतो. मग १३ व ११ एकरांची शेते बसत नाहीत. अशा वेळी निवडीपूर्वीच लगतची लहान शेते जोडून एक एकक करावे, किंवा लहान व मोठ्या शेतांचे वेगळे गट पाडून प्रत्येकातून स्वतंत्र निवड करावी.