चेन लपली, फुगा का दिसतो?

स्कर्टला इनव्हिजिबल चेन लावली की कमरेशी किंवा चेनच्या टोकाशी कापड फुगते. दोष बहुधा चेनचा नसतो. शिवताना कापड ताणले जाते, चेनची पट्टी मात्र ताणली जात नाही. त्यामुळे वाढलेले कापड फुग्यासारखे वर येते.

समजा, उघडी जागा १८ सेंटिमीटर आहे. चेन २२ सेंटिमीटरची घ्या आणि खालची शिवण आधी मारू नका. दोन्ही मायांना उलट बाजूने दोन सेंटिमीटर रुंद फ्यूजिंगची पट्टी इस्त्रीने चिकटवा, म्हणजे कापड ताणणार नाही. चेनचे वळलेले दात कोमट इस्त्रीने उलगडा. एक बाजू शिवून चेन बंद करा आणि कमरेची रेघ दुसऱ्या पट्टीवर खडूने उमटवा. तिथूनच दुसरी बाजू कच्ची टाचून शिवा.

दोन्ही शिवणी खाली एकाच उंचीवर थांबवा. मग चेनची शेपटी बाजूला ओढून, साध्या झिपर फूटने अर्धा सेंटिमीटर वरून खालची शिवण सुरू करा. शेपटी फक्त मायेलाच टाका. तरीही फुगा दिसला, तर इस्त्रीने तो दबणार नाही. तेवढी शिवण उसवून पुन्हा घाला.