गुणामागे चाळीस सेकंद

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेतला, तर दोन पेपर द्यावे लागतात. प्रत्येक पेपर 250 गुणांचा आणि तीन तासांचा असतो. पेपरात आठ प्रश्न असतात आणि त्यांतले पाच सोडवायचे असतात. पहिला आणि पाचवा सक्तीचा. उरलेल्या सहांतून तीन निवडायचे, पण दोन्ही विभागांतून किमान एक घ्यायचाच. प्रत्येक प्रश्न 50 गुणांचा. निवडीच्या प्रश्नांचे साधारण तीन भाग असतात, बहुधा 20, 15 आणि 15 गुणांचे. मराठीतून हा पेपर लिहिणाऱ्यालाही हाच आराखडा लागू होतो.

180 मिनिटांना 250 ने भागले तर गुणामागे सुमारे 43 सेकंद येतात. पण हा हिशेब वापरून चालत नाही, कारण त्यात प्रश्नपत्रिका वाचायला वेळच धरलेला नाही. सुरुवातीची 8 मिनिटे वाचन आणि निवडीसाठी, तर शेवटची 7 मिनिटे राहिलेले पुरे करण्यासाठी बाजूला ठेवली, तर लिहिण्यासाठी 165 मिनिटे उरतात. म्हणजे गुणामागे 40 सेकंद, दहा गुणांना साडेसहा मिनिटे, पंधराला दहा, विसाला तेरा आणि एका पूर्ण प्रश्नाला 33 मिनिटे.

हे आकडे डोक्यात ठेवण्यापेक्षा घड्याळावर बसवलेले बरे. पेपर नऊला सुरू झाला असे धरले, तर 9.08 ला पेन कागदावर टेकते. पहिला प्रश्न 9.41 ला, दुसरा 10.14 ला, तिसरा 10.47 ला, चौथा 11.20 ला आणि पाचवा 11.53 ला संपतो. परीक्षेच्या भरात कोणी भागाकार करत बसत नाही, पण या पाच वेळा पाठ असल्या तर किती मागे पडलो ते एका नजरेत कळते.

पहिल्या आठ मिनिटांतले खरे काम म्हणजे निवड. 20 गुणांचा एखादा भाग अगदी तोंडपाठ असतो आणि त्याच्याच मोहात तो प्रश्न धरला जातो. मग उरलेल्या 30 गुणांचे दोन भाग कोरे नाहीतर पोकळ राहतात. म्हणून प्रश्न पारखायचा तो त्याच्या सर्वांत दुबळ्या भागावरून. तिन्ही भाग बऱ्यापैकी येणारा प्रश्न एक भाग उत्तम येणाऱ्या प्रश्नापेक्षा जवळपास नेहमीच फायद्याचा ठरतो. अर्ध्यावर मन बदलले तर ते महाग पडते, कारण सोडवलेले प्रश्न क्रमाने मोजले जातात आणि अर्धवट उत्तरही खोडले नसेल तर मोजणीत धरले जाते.

पहिल्या पेपरातला पहिला प्रश्न नकाशाचा असतो. त्यात 20 ठिकाणे, प्रत्येकी अडीच गुण आणि प्रत्येक ठिकाणावर सुमारे 30 शब्दांची टीप. वाट्याला येतात 100 सेकंद. प्रवराकाठच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा संकेत दिसला की ‘दायमाबाद’ हे नाव, मग उत्तर हडप्पा ते जोर्वे अशा संस्कृतींचे थर, रथ आणि हत्ती यांसारख्या ब्राँझच्या वस्तू, एवढे लिहून पुढे जायचे. ओळखीचे ठिकाण तेवढ्या वेळात उरकते. वेळ जातो तो न ओळखलेल्या बिंदूंवर. समजा, 14 ठिकाणे येतात आणि सहा येत नाहीत. 14 ठिकाणांची 23-24 मिनिटे झाली की उरलेली नऊ मिनिटे त्या सहा बिंदूंकडे टक लावून घालवण्यात अर्थ नसतो. संकेत आणि नदी यांवरून अंदाज बांधायला दोन-तीन मिनिटे द्यावीत आणि बाकीची पाचव्या प्रश्नासाठी राखावीत.

पाचव्या प्रश्नाला ती लागतातही. त्यात दहा-दहा गुणांची पाच छोटी उत्तरे असतात, प्रत्येक सुमारे 150 शब्दांचे. गुणामागे सारखा वेळ हा नियम इथे थोडा कमी पडतो. उत्तर दहा गुणांचे असो की विसाचे, प्रश्न नीट वाचून त्याचा रोख पकडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. एका दीर्घ उत्तरात हा खर्च एकदा होतो, पाच टिपांत पाचदा.

मोठी गळती मात्र दीर्घ उत्तरांत होते, आणि तीही अवघड नव्हे तर आवडत्या प्रश्नांवर. 20 गुणांसाठी असा प्रश्न आला असे समजू: शिवाजी महाराजांच्या प्रशासनात दख्खनच्या आधीच्या परंपरेतले काय टिकले आणि नवे काय आले? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे हात शिवशिवतात. अष्टप्रधानांची आठही नावे त्यांच्या कामांसकट येतात, मग किल्ले, आरमार, चौथ, राज्याभिषेक. 22 मिनिटे होतात, चार पाने भरतात आणि ‘टिकले काय’ हा प्रश्नाचा अर्धा भाग तसाच राहतो. वर गेलेली नऊ मिनिटे म्हणजे जवळजवळ 14 गुणांचा वेळ.

हेच उत्तर तेरा मिनिटांत बसते, फक्त पहिली दोन मिनिटे सांगाड्याला द्यावी लागतात. एका बाजूला टिकलेले: मलिक अंबरच्या जमीनमहसूल व्यवस्थेचा वारसा, परगण्यांचे विभाग, देशमुख-कुलकर्ण्यांसारखे वतनदार. दुसऱ्या बाजूला नवे: वतनदारांच्या सत्तेला लावलेला लगाम, जहागिरीऐवजी रोख वेतनावर भर, आणि एकाच किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी, म्हणजे किल्ला एकट्याच्या हाती जाऊ नये. मिनिटाला 20 शब्दांचा वेग धरला तर उरलेल्या अकरा मिनिटांत 220 शब्द होतात. त्यात अष्टप्रधानांना एक वाक्य पुरते. बाराव्या मिनिटाला जिथे असू तिथे मुद्दा थांबवून निष्कर्ष लिहायचा: चौकट बरीचशी जुनी, पण तिच्यावरचा मध्यवर्ती ताबा नवा.

थांबणे जड जाते, कारण लिहायला अजून पुष्कळ असते. पण चांगल्या उत्तरात आणखी एक परिच्छेद घातल्याने वाढला तर एखादा गुण वाढतो. तीच मिनिटे 15 गुणांच्या कोऱ्या भागाला दिली, तर साधारण उत्तरालाही चार-पाच गुण मिळू शकतात. उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाची जागा ठरलेली असल्याने सुटलेला मुद्दा शेवटच्या सात मिनिटांत परत येऊन घालता येतो.

10.47 ला तिसरा प्रश्न संपायचा होता आणि घड्याळात 11 वाजलेत, असे झाले तर 13 मिनिटांची तूट पडलेली असते. ती सगळी शेवटच्या प्रश्नावर लादली की त्याला 20 मिनिटेच उरतात आणि त्याचा तिसरा भाग बहुधा कोराच जातो. त्याऐवजी 11.53 पर्यंतची 53 मिनिटे दोन्ही प्रश्नांत वाटावीत: प्रत्येकाला साडेसव्वीस, म्हणजे 20 गुणांच्या भागाला साडेदहा आणि 15 च्या भागांना आठ-आठ मिनिटे. प्रस्तावना एका वाक्याची करावी, उदाहरणे कमी करावीत, पण सहाही भागांत काहीतरी नेमके उतरले पाहिजे.

तूट कुठे पडते हे सरावातच पकडावे लागते. घरी पूर्ण तीन तासांचा पेपर लिहिताना प्रत्येक भागाच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ समासात पेन्सिलने टिपायची. अशा चार-पाच पेपरांत एक ठरावीक खोड दिसू लागते: कोणाची मिनिटे नकाशावर जातात, कोणाची प्रस्तावनेत, तर कोणाचा हात दोन तासांनंतर मंदावतो. हात मंदावणाऱ्याने सकाळ-दुपार असे दोन्ही पेपर एकाच दिवशी लिहून पाहावेत, कारण प्रत्यक्ष परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन्ही पेपर तसेच येतात आणि दुपारचा वेग सकाळच्या वेगावरून कळत नाही.