मे महिन्याच्या फोटोत पावसाळा आणायचा, पण डोंगर हलवायचा नाही!

माझ्या दुकानात एक होमस्टेवाले काका आले. त्यांना हॉलच्या भिंतीवर घरासमोरच्या डोंगराचं चित्र काढून घ्यायचं होतं, तेही पावसाळ्यातलं. पेंटरला बघून काढायला फोटो हवा होता, आणि काकांकडे फक्त मे महिन्यातला होता. गवत वाळलेलं, आभाळ पांढरं.

मी घाईत शॉर्टकट मारला. दुसऱ्याच एका हिरव्या डोंगराचा तुकडा आणून वर चिकटवला. काका बघताक्षणी म्हणाले, "अहो, हा आमचा डोंगर नाही. उजवीकडची खिंड कुठे गेली?" प्रिंट माझ्याच अंगावर पडली.

मग नियम केला: रंग आणि उजेड बदलायचा, आकार नाही.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटोचा लेयर लॉक करा. त्यावर Hue/Saturation चा अॅडजस्टमेंट लेयर घ्या. यादीत Yellows निवडून Hue उजवीकडे न्या. वाळलेलं गवत साधारण +40 च्या आसपास हिरवं दिसायला लागतं. पण त्याबरोबर पायवाट आणि मातीही हिरवी होते. म्हणून लेयरच्या मास्कवर काळ्या ब्रशने पायवाट, घरं आणि कातळ मोकळे करा. सह्याद्रीचा कातळ पावसात हिरवा होत नाही, भिजून आणखी काळा दिसतो. तो थोडा गडद करा.

आता आभाळ. डोंगराची कड नीट निवडून फक्त मागचं आभाळ बदला. लांबच्या रांगांवर पांढऱ्या रंगाचा हलका लेयर टाका, धुकं वाटतं. जवळच्या उतारावर तो टाकू नका.

सगळ्यात जास्त फसवते ती सावली. ढगाळ दिवशी कडक सावली पडत नाही. फोटोत भर दुपारची काळी सावली असेल, तर कितीही हिरवं करा, डोळ्याला खटकतंच. सावली थोडी उजळता येते, पण फार ओढली की दाणे दिसतात. मी काकांना सांगितलं, "उद्या सूर्य उगवायच्या आधी, त्याच जागेवरून एक फोटो काढून पाठवा." त्या सावली नसलेल्या फोटोवर काम निम्म्यावर आलं.

शेवटची तपासणी सोपी आहे. फोटो 100% मोठा करा आणि वरच्या लेयर्सचा डोळा बंद-चालू करत कड बघा. रंग बदलला पाहिजे, पण खिंड, सुळका, ओढ्याची रेघ जागची हलता कामा नये. हलली, तर मास्क चुकलाय.

एक मर्यादाही गिऱ्हाइकाला आधीच सांगा. फोटोत धरण असेल, तर मे मधला उघडा काठ पावसाळ्यानंतर पाण्याखाली जातो. तो रंग बदलून होत नाही, तिथे खरा पावसाळी फोटोच लागतो.

आणि हो, हा फोटो पेंटरसाठी. बुकिंगच्या जाहिरातीत "आमच्याकडचा पावसाळा" म्हणून टाकू नका, असं मी काकांना स्पष्ट सांगितलं. ऑगस्टमध्ये ते स्वतःच खरा काढतील.