बंद सर्व्हरचं चालू बिल

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर ‘स्टॉप’ केला की मीटर थांबला, असं नवख्यांना वाटतं. थांबतं ते फक्त मशीनचं भाडं. जोडलेली डिस्क तशीच राहते. व्हर्जिनियातल्या केंद्रात १०० जीबीच्या साध्या डिस्कचे महिन्याला ८ डॉलर लागत राहतात. राखून ठेवलेल्या पब्लिक आयपी पत्त्याचे तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. काम संपलं असेल तर सर्व्हर ‘टर्मिनेट’ करावा आणि डिस्क व पत्ताही गेला का, ते पाहावं.

खरा दणका डेटाचा. आत आणणं फुकट, इंटरनेटवर बाहेर पाठवणं विकत: महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, पुढे जीबीमागे ९ सेंट. लोकांनी १००० जीबी व्हिडिओ पाहिले, तर ८१ डॉलर. सर्व्हर भले स्वस्तातला असो.

‘बजेट्स’मध्ये २० डॉलरची मर्यादा ठेवून ५० आणि ८० टक्क्यांवर ईमेल मागवता येतो. पण ईमेल सर्व्हर बंद करत नाही, आणि खर्चाचे आकडे काही तास मागे असतात. ईमेल आलाच, तर ‘कॉस्ट एक्सप्लोरर’मध्ये खर्च `Usage type`प्रमाणे लावावा, `DataTransfer-Out-Bytes` वर दिसलं, तर गळती डेटाची.